लहानपणीचा फोटो आणि आजचं आयुष्य: थ्रोबॅक कॅप्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बममधले इतके फोटो, त्यातला कोणता निवडू?

ज्यात तुम्ही सगळ्यात छान दिसता तो शक्यतो बाजूला ठेवा. नीट बसवून, केस विंचरून काढलेल्या फोटोत लिहिण्यासारखं फारसं काही सापडत नाही, कारण त्यातलं जे काही खरं होतं ते फोटो काढणाऱ्याने आधीच आवरून ठेवलेलं असतं. ज्या फोटोत काहीतरी बिनसलंय तो हातात घ्या. एक बूट नाहीये, मूठ घट्ट मिटलेली आहे, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तुम्ही भलतीकडेच, कुणाचा तरी अर्धा हात चौकटीत शिरलाय.

निवड करताना चेहरा अंगठ्याने झाका आणि उरलेला फोटो बघा. हात, पाय, कपडे, मागची भिंत, कडेला अर्धवट कापली गेलेली वस्तू. पाच मिनिटं फक्त जे दिसतंय त्याची नावं कागदावर लिहा, विशेषणं नकोत. दहा-बारा गोष्टी निघतात. त्यातली एखादी वाचताना 'हे आजही माझ्याकडे आहे' किंवा 'हे आता उलटं झालंय' असं वाटलं, तर फोटो ठरला. एकही तशी वाटली नाही, तर फोटो कितीही आवडता असला तरी कॅप्शन ओढूनताणून होईल. तो फोटो नुसता टाका, खाली वर्ष लिहा. तेही चालतं.

जुना फोटो आणि आत्ताचं आयुष्य जोडायचं कसं?

एका वस्तूने किंवा एका हालचालीने. बहुतेक कॅप्शन इथेच घसरतात, कारण लिहिणारा अख्खं बालपण एका बाजूला आणि अख्खं आजचं आयुष्य दुसऱ्या बाजूला ठेवतो. 'तेव्हा किती बेफिकीर होते, आता किती जबाबदाऱ्या' हे त्याचं नेहमीचं रूप. वाक्य खोटं नसतं, पण ते कुणाच्याही फोटोखाली बसतं आणि म्हणून वाचणाऱ्याची नजर फोटोकडे परत जात नाही. कॅप्शन वाचून माणूस पुन्हा फोटो बघतो आणि त्याला आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं, तेव्हा जोडणी जमली असं समजावं.

म्हणून फोटोत दिसणारी एकच गोष्ट घ्या आणि तिचं आज काय झालं ते सांगा. ती टिकली असेल, उलटली असेल, किंवा दुसऱ्या कुणाकडे गेली असेल. टिकलेल्या गोष्टीत थोडं हसू असतं. उलटलेल्या गोष्टीत काळ दिसतो: फोटोत ज्याने तुमचं बोट धरलंय, रस्ता ओलांडताना आता त्याचा हात तुम्ही धरता. दुसऱ्याकडे गेलेली गोष्ट सगळ्यात हळवी असते, त्यामुळे तिथे शब्द सगळ्यात कमी लागतात.

एक सापळा मात्र आधीच सांगून ठेवायला हवा, तो म्हणजे नियतीचा. हातात खेळण्यातला स्टेथोस्कोप असलेलं मूल आज डॉक्टर आहे, आणि खाली लिहिलंय की 'तेव्हाच ठरलं होतं'. तेव्हा काहीही ठरलेलं नव्हतं. त्याच वयात त्या मुलाच्या हातात बॅट होती, पतंग होता, कात्री होती, त्यांचे फोटो निघाले नाहीत इतकंच. वाचणाऱ्यालाही हे मनातून ठाऊक असतं. योगायोगाला योगायोग म्हणून ठेवलं की तो जास्त गोड लागतो.

एखादं उदाहरण पहिल्या खर्ड्यापासून दाखवाल का?

एक फोटो धरून चालू. सहा-सात वर्षांची मुलगी खुर्चीवर बसली आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत. अंगातला स्वेटर मोठ्या भावाचा आहे. बाह्या दोनदा दुमडल्या आहेत, तरीही हाताची बोटं आत गडप झाली आहेत. ती मुलगी आज एका कारखान्यात लेथवर काम करते.

पहिला खर्डा साधारण असा येतो: 'ते निरागस दिवस! ना कसली चिंता, ना कसलं टेन्शन. कुठे हरवली ती चिमुकली…' यात स्वेटर नाही, खुर्ची नाही, भाऊ नाही, लेथही नाही. शिवाय फोटोतली मुलगी बरीचशी वैतागलेली दिसते, म्हणजे 'निरागस' हा शब्द फोटोनेच खोडून काढलाय.

दुसऱ्या खर्ड्यात माणूस सावध होतो आणि माहिती ओततो: कोणतं वर्ष, कुणाचं घर, फोटो कुणी काढला, स्वेटर कुणी विणला, भाऊ आता कुठे असतो, आपण कधी नोकरीला लागलो. सगळं खरं, पण वाचणाऱ्याला कशाकडे बघायचं ते कळत नाही. तरी हा खर्डा लिहाच, कारण तिसऱ्यासाठीचा माल यातूनच निघतो. आता यातलं जे फोटोत दिसतं त्याखाली रेघ मारा: स्वेटर, बाह्या, बोटं, लोंबकळते पाय. मग आजच्या दिवसात यातलं काय आहे ते शोधा. लेथ चालवताना सैल बाही फिरत्या भागात अडकू शकते, म्हणून ती बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडून घेते. म्हणजे दुमडलेली बाही टिकलीय, पण तिचं कारण बदललंय.

तिसरा खर्डा: 'तेव्हा दादाच्या स्वेटरच्या बाह्या दुमडायचे, आज कामासाठी दुमडते. आयुष्य असंच असतं.' जवळ आलंय. शेवटचं वाक्य कापायचं, कारण ते वाचणाऱ्याच्या वाटणीचं काम करून टाकतं. 'तेव्हा' आणि 'आज' ही जोडीही फार उघडी पडते. आणि एक चूक आहे: सहा वर्षांच्या मुलीने स्वतः इतक्या नीट बाह्या दुमडल्या नसणार, कुणीतरी दुमडून दिल्या असणार.

चौथा खर्डा, जो ठेवावा:

'स्वेटर दादाचा आहे. बाह्या दोनदा दुमडल्यात, तरी बोटं दिसत नाहीत. आता कामावर मापाचा शर्ट मिळतो. बाह्या मी तरीही दुमडते.'

लेथचं कारण यात नाही, ते मुद्दाम वगळलंय. ज्यांना तिचं काम माहीत आहे त्यांना दिसेल. ज्यांना माहीत नाही ते सवय म्हणून वाचतील. दोन्ही वाचनं खरी आहेत. माया आहे ती 'दोनदा' या शब्दात, कारण कुणीतरी एकदा दुमडून बघितलं, पुरलं नाही आणि पुन्हा दुमडलं.

हळवं आणि गुळमट यातला फरक लिहिताना कसा ओळखायचा?

फोटो झाका आणि नुसतं कॅप्शन वाचा. ते दुसऱ्या कुणाच्या लहानपणीच्या फोटोखाली जसंच्या तसं बसत असेल तर ते गुळमट आहे, मग शब्द कितीही सुंदर असोत. ही एक कसोटी पुरेशी आहे, तरी काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली खूण म्हणजे लाडाचे शब्द. चिमुकली, इवलासा, गोंडस, छकुली. हे शब्द मोठी माणसं दुसऱ्याच्या मुलांबद्दल वापरतात. स्वतःच्या लहानपणाबद्दल वापरले की आपणच आपला गालगुच्चा घेतल्यासारखं होतं. 'मी' म्हणा, किंवा थोडं अंतर हवं असेल तर 'ही मुलगी', 'हा मुलगा' म्हणा. अंतर ठेवलं की माया कमी होत नाही, उलट ती उतू जात नाही.

दुसरी खूण काळाची. फोटोत जे दिसतंय ते वर्तमानकाळात लिहून बघा: 'बसले होते' ऐवजी 'बसले आहे', 'दादाचा होता' ऐवजी 'दादाचा आहे'. फोटो समोर आहे, त्यात ती मुलगी अजून बसलेलीच आहे. भूतकाळी क्रियापदं ओळीने आली की आपोआप उसासा ऐकू येतो. एखादं भूतकाळी क्रियापद राखून ठेवा आणि जिथे खरंच काही संपलंय तिथेच वापरा.

तिसरी खूण विरामचिन्हांची. तीन टिंबं आणि उद्गारचिन्हं काढून टाका आणि पुन्हा वाचा. वाक्य पडलं, तर ते चिन्हांच्या आधाराने उभं होतं.

कॅप्शन किती लांब असावं?

इन्स्टाग्रामवर कॅप्शनची मर्यादा 2200 कॅरॅक्टर्सची आहे, पण स्क्रोल करताना त्यातली सुरुवातीची साधारण 125 दिसतात आणि उरलेलं दाबून उघडावं लागतं. मराठीत ही जागा वाटते त्याहून लवकर संपते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'स्वेटर' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मोजताना त्याची सहा होतात. वरचं स्वेटरचं कॅप्शन मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून 117 भरतं, म्हणजे ते न दाबता पूर्ण दिसण्याइतकं आहे.

लांब लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण फोटोतली गोष्ट पहिल्या वाक्यात आणा. पहिलं वाक्य 'आज कपाट आवरताना हा फोटो सापडला' असं असेल तर ते सरळ काढून टाका. फोटो कसा सापडला यात वाचणाऱ्याला रस नसतो, आणि दिसणाऱ्या जागेचा साधारण चौथा भाग त्याच वाक्यावर खर्च होतो.

त्या दिवसाचं मला काहीच आठवत नसेल तर?

बहुतेकांचं असंच असतं. तीन-चार वर्षांच्या आधीचं फारसं कुणालाच आठवत नाही, आणि त्यानंतरच्याही पुष्कळ 'आठवणी' तोच फोटो वारंवार बघून तयार झालेल्या असतात. म्हणून वास, आवाज, ऊन अशा गोष्टी खात्री नसताना लिहू नका. त्यातून कॅप्शन कवितेसारखं होतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

त्याऐवजी ज्यांना आठवतं त्यांना विचारा, पण प्रश्न नेमका ठेवा. 'हा फोटो आठवतो का?' याचं उत्तर 'किती गोड होतीस' असं येतं. 'हा स्वेटर कुणाचा?', 'मी रागावलेय का इथे?', 'फोटो कुणी काढला?' असं विचारलं की माहिती मिळते. दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरं दिली तर फारच उत्तम. 'आई म्हणते मी रडून दमले होते. दादा म्हणतो मी त्याला मारलं होतं' हे अर्धं कॅप्शन आयतंच मिळालं.

तारखेबाबत सावध राहा. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख कॅमेऱ्यातल्या घड्याळाची असते, आणि ते घड्याळ अनेकांनी कधी लावलेलंच नसायचं. फोटोच्या मागे वर्ष छापलेलं असेल तर ते प्रिंट काढल्याचं असू शकतं, आणि रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहायचा. पडलेले दात, शाळेचा गणवेश, भावंडाचं वय यांवरून निघणारं वर्ष जास्त भरवशाचं. तेही जमलं नाही तर 'सहा-सात वर्षांची असेन' एवढंच लिहा.

फोटोतलं माणूस आता नाही. त्याबद्दल कसं लिहू?

ते माणूस फोटोत काय करतंय ते लिहा. ते किती थोर होतं, किती आठवण येते, हे लिहायला वेगळी जागा आहे. थ्रोबॅक कॅप्शनमध्ये ते आलं की फोटो मागे पडतो आणि वाचणाऱ्याला सांत्वनाचे शब्द शोधत बसावं लागतं.

फोटो काढणारं माणूस गेलं असेल तर त्याची खूण फोटोतच शोधा. सूर्याकडे पाठ करून फोटो काढायची पद्धत असल्यामुळे कित्येक जुन्या फोटोंत काढणाऱ्याची सावली पुढच्या जमिनीवर पडलेली असते, कोपर बाहेर काढलेली. अल्बममध्ये ज्यांचे फोटो सगळ्यात कमी असतात, त्यांच्या सावल्या अशा मिळतात. त्यावर इतकंच पुरतं: 'खाली जमिनीवर सावली आहे ती बाबांची. कॅमेरा त्यांच्याकडेच असायचा. आता घरात फोटो मी काढते, आणि माझेही कमी असतात.' 'असायचा' हे एकच भूतकाळी क्रियापद आहे आणि जे सांगायचं ते त्याने सांगून झालंय.

बालपण चांगलं गेलं नसेल तर असं कॅप्शन लिहावं का?

लिहिता येतं. जोडणीची पद्धत तीच, फक्त दोन गोष्टी जपायच्या. फोटोतलं हसू खोटं होतं असं जाहीर करून टाकू नका. त्या क्षणी ते खरंही असू शकतं, आणि एकदा तसं लिहिलं की खाली प्रश्नांची रांग लागते. आणि ज्याचा जाब सार्वजनिकपणे द्यायची तयारी नाही, ते सूचकपणेही लिहू नका. अर्धवट सूचना वाचून नातेवाईक फोन करतात. आज बदललेली गोष्ट मात्र नि:संकोच सांगा: 'या फोटोत मी दाराजवळ उभी आहे. आता ज्या घरात राहते तिथे आतल्या खोलीत बसते.' ज्याला कळायचं त्याला कळतं.

शेजारी आत्ताचा फोटोही टाकावा का?

टाकायचा असेल तर जुना पहिला आणि नवा दुसरा ठेवा. वाचणाऱ्याने आधी जुना नीट बघितलेला असला पाहिजे. नवा फोटो त्याच गोष्टीचा असू द्या, चेहऱ्याचा असायलाच हवा असं नाही. स्वेटरच्या उदाहरणात आजच्या दुमडलेल्या बाहीचा, मनगटापासून कोपरापर्यंतचा फोटो पूर्ण चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतो. मात्र तसा फोटो असेल तर कॅप्शनमधलं शेवटचं वाक्य काढून टाका, नाहीतर तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

तीच पोझ, तसेच कपडे घालून पुन्हा काढलेला फोटो गमतीचा असतो. तिथे लोक दोन फोटोंतले फरक शोधण्यात रमतात, कॅप्शन कुणी वाचत नाही. अशा वेळी दोन वर्षं लिहा आणि थांबा.

प्रिंटचा फोटो नीट कसा घ्यायचा?

स्कॅनर असेल तर 600 डीपीआयवर स्कॅन करा. साडेतीन बाय पाच इंचाच्या प्रिंटमधून त्यात 2100 बाय 3000 पिक्सेल मिळतात, म्हणजे हव्या त्या तपशिलाभोवती कापायला जागा राहते. स्कॅनची काच आधी पुसा.

फोनने काढत असाल तर प्रिंट खिडकीजवळ सपाट ठेवा, थेट ऊन पडणार नाही अशा जागी. फ्लॅश आणि वरचा दिवा बंद करा, चकाकी बहुतेक वेळा त्यांचीच असते. फोन अगदी जवळ नेला की कडा वाकड्या दिसतात आणि त्याची सावलीही पडते, म्हणून थोडं लांब जाऊन दुप्पट झूम करा आणि फोन प्रिंटला समांतर धरा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल तर ओढू नका, तो मधोमध दुमडतो किंवा मागचा कागद सुटून येतो. वरचं प्लास्टिक हळूच उचलून तिथेच फोटो घ्या. काचेला चिकटलेल्या फोटोचा फोटो काचेवरूनच घ्या.

रंगांचा संबंध थेट कॅप्शनशी येतो. 1970 आणि 1980 च्या दशकांतले बरेच रंगीत प्रिंट अल्बममध्ये अंधारात राहूनही लालसर होतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग सगळ्यात आधी उडतो. त्यामुळे फोटोत तांबूस दिसणारा स्वेटर मुळात करडा किंवा हिरवाही असू शकतो. 'तो लाल स्वेटर' असं लिहिण्याआधी घरात विचारून घ्या. दुरुस्ती करायची असेल तर फोटोतली पांढरी असायलाच हवी अशी एक वस्तू बघत लालसरपणा कमी करा, आणि ती अगदी शुभ्र व्हायच्या थोडं आधी थांबा. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर लावू नका. विणीचे टाके, दुमडलेली बाही, गुडघ्यावरची खपली असे तपशील सगळ्यात आधी त्यात पुसले जातात, आणि कॅप्शन त्यांच्याबद्दलच असतं.

फोटोत भावंडं किंवा मित्र असतील तर त्यांना विचारावं लागतं का?

हो, आणि विचारताना फोटोबरोबर कॅप्शनही पाठवा. लोकांची हरकत अनेकदा फोटोला नसते, त्यांच्याबद्दलच्या वाक्याला असते. अंघोळीचे, कमी कपड्यांतले फोटो स्वतःचे असले तरी सार्वजनिक टाकू नका. पूर्ण जन्मतारीख, शाळेचा बिल्ला, घराचा क्रमांक, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, आईचं माहेरचं आडनाव या गोष्टी अजूनही खात्यांच्या सुरक्षा प्रश्नांत विचारल्या जातात. फोटोत दिसत असतील तर तेवढा भाग कापा, कॅप्शनमध्ये असतील तर काढा.

इमोजी आणि हॅशटॅग?

इमोजी नको. हळव्या वाक्याच्या शेवटी लाल बदाम आला की वाचणाऱ्याला काय वाटायला हवं ते आपणच ठरवून दिल्यासारखं होतं. हॅशटॅग हवाच असेल तर एक ओळ सोडून, सगळ्यात खाली, एकच: `#throwback`. `#tbt` म्हणजे throwback Thursday, म्हणून तो गुरुवारसाठी रूढ आहे. इतर दिवशी टाकला तर जुने जाणकार खाली तेवढंच लिहून जातात.